टोकाची आत्या रुंद का दिसते: ०.५ च्या लेन्सने घरातला ग्रुप फोटो

गौरी-गणपतीला घरात माणसं जमली की ठाण्यातल्या बहुतेक हॉलमध्ये एकच अडचण येते. फोटो काढणाऱ्याची पाठ भिंतीला टेकलेली असते आणि तरीही दोन्ही टोकांची माणसं फ्रेमच्या बाहेर राहतात. मग बोट स्क्रीनवरच्या `0.5x` वर जातं. सगळे मावतात, फोटो निघतो, घरच्या ग्रुपवर पडतो. थोड्या वेळाने टोकाला उभी असलेली आत्या विचारते, "अरे, मी खरंच एवढी रुंद आहे का?" मधोमध उभी असलेली तिची वहिनी मात्र अगदी नेहमीसारखी दिसत असते.

आत्या रुंद नाही आणि फोनची लेन्सही खराब नाही. हा ताण भूमितीतून येतो, त्यामुळे तो कुठे येणार हे फोटो काढण्याआधीच सांगता येतं. फोन आडवा धरून, लहान हॉलमध्ये काढलेला ग्रुप फोटो एवढंच उदाहरण इथे घेतो. हे एकदा नीट कळलं की उभ्या फोटोलाही तेच लागू होतं.

ताण कुठून येतो

०.५ ने काढलेला तुमचाच एखादा फोटो उघडा, ज्यात कडेला भिंतीवरचं घड्याळ आहे आणि जवळपास एखादं माणूसही आहे. घड्याळ गोलच दिसेल, माणसाचं डोकं मात्र बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखं असेल. एकाच कडेला असून दोघांना वेगळी वागणूक का? कारण घड्याळ सपाट आहे आणि फोनला समांतर आहे. डोक्याला जाडी आहे.

अंधाऱ्या खोलीत टेबलावर टॉर्च ठेवून भिंतीवर चेंडूची सावली पाडून बघा. चेंडू टॉर्चच्या अगदी समोर असेल तर सावली गोल पडते. तोच चेंडू बाजूला सरकवला की प्रकाश तिरका जातो आणि सावली लांबट होत जाते. फोनमध्ये नेमकं हेच घडतं. भिंती, दारं, खिडक्यांच्या सरळ रेषा फोटोत सरळच राहाव्यात असा आपला आग्रह असतो आणि फोनचं सॉफ्टवेअर तो पुरा करतं. पण एवढं रुंद दृश्य सरळ रेषा राखून सपाट पडद्यावर उतरवायचं तर कडेच्या गोल वस्तू लांबणारच. रेषा आणि चेहरे हे दोन्ही कडेला एकाच वेळी शाबूत ठेवता येत नाहीत.

ताण किती, हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: फोन जिथे रोखला आहे त्या मधल्या रेषेपासून माणूस किती अंश बाजूला आहे. ३० अंशांवर डोकं सुमारे १.१५ पट लांबतं, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ४५ अंशांवर १.४ पट लांबतं आणि ते सगळ्यांना दिसतं. ६० अंशांवर थेट दुप्पट. बहुतेक फोनची ०.५ ची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने १३ मिलिमीटरच्या आसपासची असते. फोन आडवा धरला तर ती मध्यापासून डाव्या-उजव्या कडेपर्यंत सुमारे ५३ अंश बघते आणि कोपऱ्यापर्यंत जवळजवळ ५९. म्हणजे कडेच्या मध्यावर डोकं दीडपटीहून जास्त ताणलं जातं आणि कोपऱ्यात जवळपास दुप्पट. नेहमीची १x ची लेन्स कडेपर्यंत ३४ ते ३६ अंशच बघते, म्हणून तिथे ताण १.२ च्या आसपास थांबतो.

यातून कामाची गोष्ट निघते. तुम्ही जागचे हलला नाहीत आणि फोन तिथेच रोखलेला असेल, तर ०.५ च्या फ्रेमचा मधला अर्धा भाग म्हणजे साधारण १x ची पूर्ण फ्रेम. त्या मधल्या अर्ध्यात उभ्या असलेल्या माणसांना दोन्ही लेन्समध्ये सारखाच ताण येतो. अडचण उरलेल्या दोन पाव भागांची आहे. आणि ०.५ ऐवजी ०.७ केलं किंवा नंतर फोटो कापला तरी कोणाचाही ताण कमी होत नाही, फक्त कडेची माणसं कापली जातात.

जाता जाता एक गंमत सांगतो. स्क्रीनवर फोटो १४ सेंटिमीटर रुंद दिसत असेल आणि डोळा त्याच्या मध्यासमोर ५ सेंटिमीटरवर नेता आला, तर आत्याही बरोबर प्रमाणात दिसेल, कारण तेव्हा आपण तिच्याकडे त्याच तिरक्या कोनातून बघत असतो. पण इतक्या जवळचं डोळ्याला स्पष्ट दिसत नाही, आणि फोटो तसा बघतं तरी कोण?

या ताणाशी दोन दुसऱ्या गोष्टींची गल्लत होते. नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसत असतील तर माणूस फोनच्या फार जवळ आहे. हे फ्रेमच्या मधोमधही घडतं. दाराच्या उभ्या चौकटी वर एकमेकींकडे झुकत असतील तर फोन वर कलला आहे, खाली झुकत असतील तर खाली. आपला ताण ओळखायची खूण अशी की डोकं फ्रेमच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेनेच लांबलेलं असतं. उजव्या कडेला आडवं, वरच्या कडेला उभं, कोपऱ्यात तिरपं.

एक हॉल, आठ माणसं, मध्ये मखर

वर्तकनगर किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत असतो तसा १० बाय १७ फुटांचा हॉल धरा. लांब भिंतीशी मधोमध ४ फूट रुंदीचं मखर आहे. आठ माणसं, मखराच्या दोन्ही बाजूंना चार-चार, खांद्याला खांदा लावून एका रांगेत. प्रत्येकाला दीड फूट जागा लागते. रांग भिंतीपासून दोन फूट पुढे आणि तुम्ही समोरच्या भिंतीला टेकलेले, म्हणजे फोन आणि रांग यांत सुमारे ७ फूट.

७ फुटांवरून १x मध्ये साधारण ९ ते १० फूट रुंदी मावते, रांग तर १६ फुटांची. ०.५ मध्ये साडेअठरा फूट मावतात, म्हणून सगळे ०.५ घेतात. टोकाच्या माणसाचं डोकं मध्यापासून सव्वासात फुटांवर आहे. ७ फुटांवरून तो कोन ४६ अंशांचा होतो आणि डोकं १.४ पटीहून जास्त ताणलं जातं. आत्याची तक्रार इथूनच येते.

मखर मध्ये ठेवून माणसं बाजूंना वाटून उभी करायची ही पद्धत घराघरात आहे, आणि ०.५ साठी याहून वाईट रचना सापडणार नाही. फ्रेमचा सगळ्यात निर्दोष भाग मखराला जातो आणि प्रत्येक माणूस बाहेर ढकलला जातो. मूर्ती मध्ये राहायला हवी हे मान्यच आहे, कारण तिलाही जाडी आहे आणि कडेला नेली तर तीही ताणली जाईल. म्हणून रांगच मोडायची. प्रत्येक बाजूला दोघं उभे आणि दोघं त्यांच्यापुढे चटईवर बसलेले. बसणाऱ्यांना मखराच्या शक्य तितकं जवळ घ्या, फक्त मूर्ती झाकली जाता कामा नये. आता उभ्यांपैकी टोकाचं डोकं मध्यापासून सव्वाचार फुटांवर आलं, कोन ३१ अंश, ताण १.१७. बसलेले उभ्यांपेक्षा फोनच्या दीडेक फूट जवळ आहेत आणि खालीही आहेत, त्यांचा ताण १.२ च्या आसपास राहतो. लेन्स तीच, हॉल तोच, पण बघणाऱ्याला आता काही खटकत नाही.

अजून एक करता येण्यासारखं असतं. बऱ्याच घरांत हॉलच्या समोरच्या भिंतीत स्वयंपाकघराचं किंवा पॅसेजचं दार असतं. त्या दारातून तीन फूट मागे गेलात तर अंतर १० फूट होतं, टोकाचा कोन २३ अंशांवर येतो आणि १x मध्ये १३ ते १४ फूट मावतात. आपला नवा गट १० फुटांचाच आहे. म्हणजे ०.५ ची गरजच उरली नाही. वाटेत फ्रिजचं दार किंवा सिलिंडर येत असेल तर तो आधी बाजूला करा; दोन मिनिटांचं काम आहे आणि चेहऱ्यांसाठी यापेक्षा चांगला उपाय दुसरा नाही. गॅलरी समोर असेल तर गॅलरीत जा. फक्त दाराची चौकट फ्रेममध्ये शिरत नाही ना ते बघा.

टोकाची माणसं पुढे नकोत

फोटो काढताना सवयीने आपण म्हणतो, "कडेचे जरा पुढे या, अर्धवर्तुळ करा." डोळ्यांना ते बरं वाटतं, ०.५ ला ते सर्वांत जड जातं. वरच्या पहिल्या रांगेतली टोकाची व्यक्ती दीड फूट पुढे आली तर तिचा कोन ४६ वरून जवळपास ५३ अंशांवर जातो आणि जवळ आल्यामुळे ती मोठीही दिसते. दोन्ही मिळून तिचं डोकं मधल्या माणसाच्या डोक्यापेक्षा दुपटीहून अधिक रुंद होतं. उलट तीच व्यक्ती एक फूट मागे, भिंतीकडे सरकली तर कोन ४२ अंशांवर येतो आणि आकारही जरा लहान होतो. मग रुंदीतला फरक १.२ पटीपेक्षाही कमी राहतो. म्हणून अर्धवर्तुळ उलटं करा: मधली माणसं किंचित पुढे, टोकाची किंचित मागे.

एल आकाराचा सोफा याच कारणाने धोक्याचा आहे. त्याची आखूड बाजू फोनकडे येते आणि तिच्या टोकावर बहुतेक वेळा आजी किंवा आजोबा बसलेले असतात, कारण त्यांना तिथे बसणं सोपं जातं. त्यांना लांब बाजूच्या मध्यावर बसवा आणि फोनजवळच्या टोकाला कोणालाच बसवू नका. तिथे उशा, फुलदाणी, काहीही राहू द्या. फुलदाणी फुगलेली दिसली तरी ती विचारायला येणार नाही.

खांदे एकीकडे, चेहरा दुसरीकडे

टोकाच्या माणसाला फोनकडे वळवायचं की नाही? यावर मतं वेगवेगळी ऐकू येतात. हिशेब केला तर उत्तर दोन भागांत येतं.

धड बऱ्यापैकी सपाट असतं. घड्याळासारखं ते फोनला समांतर राहिलं तर जवळजवळ ताणलं जात नाही. ४५ अंशांवर उभ्या असलेल्या माणसाने खांदे सरळ समोरच्या भिंतीकडे ठेवले तर रुंदी दहा-पंधरा टक्के वाढते. खांदे फोनकडे वळवले तर ती चाळीस टक्के वाढते. डोक्याचं उलट आहे. डोकं कानापासून कानापर्यंत जितकं रुंद असतं त्यापेक्षा कपाळापासून मागच्या टोकापर्यंत जास्त खोल असतं. चेहरा सरळ समोर ठेवला तर ती खोलीही तिरकी पसरते आणि डोकं आणखी रुंद दिसतं. म्हणून टोकाच्या दोघांना एवढंच सांगा: "खांदे समोरच्या भिंतीकडे ठेवा, मान तेवढी माझ्याकडे वळवा." साडीचा पदर बाहेरच्या खांद्यावर असेल तर तो अंगालगत घ्यायला सांगा, कारण बाहेर फेकलेला हात आणि सुटलेला पदर हेच सगळ्यात आधी लांबतात.

कडेला कोणाला उभं करायचं हेही तुमच्या हातात असतं. बारीक अंगाचा भाचा कडेला चालतो. लहान बाळ कडेला नको, कारण गोल डोकं लांबलेलं लगेच ओळखू येतं.

फोन कुठे, किती उंच

आतापर्यंत आपण डावी-उजवी बाजू बघितली. वर-खालीही तोच नियम आहे. आडव्या फोनमध्ये मध्यापासून वरची कड सुमारे ४५ अंशांवर येते. त्यामुळे फोन चेहऱ्यांच्या उंचीवर हवा आणि चेहरे फ्रेमच्या मधल्या आडव्या पट्ट्यात. उभे-बसलेले मिसळून असतील तर दोन्ही रांगांच्या मधली उंची घ्या, साधारण ४ फूट. वर छत आणि खाली फरशी जास्त येईल, ती नंतर कापता येते.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. तिने फ्रेमचे नऊ भाग होतात. ०.५ मध्ये सगळे चेहरे मधल्या ओळीत ठेवा, आणि डाव्या-उजव्या खान्यांच्या आतल्या अर्ध्यापलीकडे कोणाचाही चेहरा जाऊ देऊ नका. तेवढ्यात ताण १.४ च्या आत राहतो.

फोन खाली-वर कलवू नका. कलवला की मधली रेषा फरशीकडे किंवा पंख्याकडे जाते आणि चेहरे आपोआप कडेकडे सरकतात. उंच माणूस हात वर करून फोटो काढतो तेव्हा हेच होतं.

फ्रेम खरोखरच मावत नसेल आणि सगळे दहा सेकंद स्थिर राहू शकत असतील तर १x मध्ये पॅनोरमा काढा. पॅनोरमा दृश्य वक्र पृष्ठभागावर उतरवतो, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूचे चेहरे ताणले जात नाहीत. मागची भिंत मात्र वाकलेली दिसेल, आणि मध्येच कोणी हललं तर त्याचे दोन अर्धे जुळणार नाहीत. लहान मुलं असतील तर या वाटेला जाऊ नका.

फोनमधली सेटिंग

आयफोनमध्ये `Settings` मधल्या `Camera` खाली `Lens Correction` अशी एक सोय आहे. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये `Ultra wide shape correction` या नावाने तशीच सोय असते. ती रेषा सरळ करते, आणि वर सांगितलं तसं रेषा सरळ करण्याची किंमत चेहरे मोजतात. भिंतीच्या रेषा महत्त्वाच्या नसतील, मागे पडदा असेल, तर ती बंद करून बघा. कडेची माणसं थोडी आवरतात, दाराची चौकट थोडी फुगते. ही निवड फोटो काढण्याआधी करायची असते.

काही फोन कडेचे चेहरे ओळखून तेवढेच आपोआप दुरुस्त करतात. गुगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये याची एक पद्धत मांडली होती: चेहऱ्यांपुरतं चित्र गोल आकार राखणाऱ्या पद्धतीने उतरवायचं, पार्श्वभूमी सरळ रेषांची ठेवायची आणि मधला भाग हळूहळू जुळवून घ्यायचा. हे छान चालतं, पण चेहऱ्याला लागून दाराची चौकट असेल तर ती तिथे वाकते. म्हणून टोकाच्या माणसाच्या मागे साधी भिंत असू द्या.

फोटो आधीच काढून झाला असेल तर

गौरी विसर्जन झालं, पाहुणे गेले, आता तोच फोटो हवा आहे. अशा वेळी कॉम्प्युटरवर `Hugin` नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरता येतो. तो पॅनोरमा जोडण्यासाठी आहे, पण एकच फोटो देऊन त्याचं प्रक्षेपण, म्हणजे दृश्य सपाट चित्रावर उतरवायची पद्धत, बदलता येतं.

मूळ फोटो घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेला नको, त्यात लेन्सची माहिती उरलेली नसते. कापलेला तर नकोच: प्रोग्रॅम फोटोचा मध्य हाच फोनच्या नजरेचा मध्य धरतो, आणि एका बाजूने कापल्यावर तो हिशेब चुकतो. फोटो जेपेग हवा; आयफोनचा `HEIC` प्रकारचा असेल तर आधी बदलून घ्या.

फोटो उघडल्यावर लेन्सचा प्रकार `Normal (rectilinear)` आहे ना ते बघा. `HFOV` म्हणजे आडवा कोन. १३ मिलिमीटरच्या लेन्सच्या आडव्या ४:३ फोटोसाठी तो सुमारे १०६ अंश हवा. आकडा फार वेगळा दिसला तर स्वतः भरा. मग प्रक्षेपणाच्या यादीतून `Panini General` निवडा. `Stitcher` या भागात जाऊन `Calculate Field of View`, `Calculate Optimal Size` आणि `Fit Crop to Images` क्रमाने दाबा आणि शेवटी `Stitch!`.

या प्रक्षेपणात उभ्या रेषा उभ्याच राहतात आणि फ्रेमच्या मधल्या आडव्या पट्ट्यातली डोकी पुन्हा गोल होतात. छत आणि फरशीच्या आडव्या रेषा मात्र वाकतात. ७ फुटांवरच्या आपल्या पहिल्या रांगेसाठी हे अगदी योग्य आहे, कारण तिथे सगळी डोकी एकाच पट्ट्यात आहेत. छताची वाकलेली रेषा कापून टाकली की फोटो नेहमीसारखा दिसतो. माणसं कोपऱ्यात, वर किंवा खाली असतील तर `Stereographic` घ्या. ते फ्रेमभर आकार राखतं, पण मग दाराच्या चौकटीही वाकतात.

पैसे मोजायची तयारी असेल तर `DxO ViewPoint` मध्ये `Volume deformation` हे याच कामासाठीचं साधन आहे आणि त्यात ताण हवा तेवढाच कमी करता येतो. मोबाइलवरच्या लाइटरूमच्या पैसे भरून मिळणाऱ्या भागात `Geometry` खाली `Distortion` ची पट्टी आहे. ती डावीकडे नेली की कडा आत येतात. ती पूर्ण फोटोवर सरसकट चालते, म्हणून टोकाचं डोकं गोल झालं की तिथेच थांबा. पुढे गेलात तर मधली माणसं फुगू लागतात.

चेहरा निवडून तेवढाच बारीक करणारी ब्यूटी अॅप्स मी यासाठी वापरत नाही. ती चेहरा अरुंद करतात, पण खांदे, हात आणि मागची भिंत ताणलेलीच राहते, आणि लहान डोकं रुंद धडावर बसवल्यासारखं दिसतं.

एका प्रकारच्या फोटोला यातलं काहीच लागू पडत नाही. ०.५ वर हात लांब करून काढलेल्या ग्रुप सेल्फीत फोन धरणाऱ्याचा चेहरा लेन्सपासून दीड-दोन फुटांवर असतो. त्याचं मोठं नाक आणि मागे गेलेले कान हा जवळून बघण्याचा परिणाम आहे. इतक्या जवळून गालांच्या आडचा भाग लेन्सला दिसतच नाही, आणि जो भाग फोटोत आलाच नाही तो प्रक्षेपण बदलून परत येत नाही. तिथे फोन शोकेसच्या फळीवर टेकवून १० सेकंदांचा टायमर लावणं हाच उपाय.